ठोक्यागणिक तयार होणारा अडथळा

१९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या बेथेस्डा इथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत अँड्र्यू ग्लेन मॉरो या शल्यविशारदांनी एका रुग्णाचं हृदय उघडलं. हृदयाच्या डाव्या खालच्या कप्प्यातून महाधमनीकडे जाणाऱ्या वाटेत काहीतरी अडकलेलं आहे, अशी त्यांची खात्री होती. शस्त्रक्रियेआधी नळी घालून दाब मोजला होता. कप्प्याच्या आतला दाब आणि बाहेर महाधमनीतला दाब यांत मोठी तफावत होती. वाट अरुंद असल्याशिवाय एवढी तफावत पडत नाही. पण हृदय थांबवून, आत बोट घालून पाहिलं तेव्हा वाट मोकळी होती. ना कुठला पडदा, ना कडक झालेली झडप. कापायला काही नसल्यामुळे हृदय पुन्हा शिवण्यात आलं आणि ते धडधडू लागताच दाबातली तफावत होती तशी परत आली.

लंडनच्या गाइज रुग्णालयात रसेल ब्रॉक यांनीही याच सुमारास असाच अनुभव घेतला होता आणि १९५७ मध्ये तो प्रसिद्ध केला होता. मॉरो आणि त्यांचे हृदयरोगतज्ज्ञ सहकारी युजीन ब्राउनवाल्ड यांनी मग या कोड्याचा पिच्छा पुरवला. थांबलेल्या हृदयात न सापडणारा अडथळा चालत्या हृदयात येतो कुठून? त्याचं उत्तर असं निघालं की हा अडथळा कायमचा नसतोच. हृदयाचा प्रत्येक ठोका तो नव्याने तयार करतो आणि ठोका संपला की तो नाहीसा होतो.

हा आजार म्हणजे हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपथी. डॉक्टर त्याला थोडक्यात एचसीएम म्हणतात. साधारण ५०० माणसांत एकाला तो असतो, म्हणजे तो दुर्मीळ म्हणावा असा नाही. त्यात हृदयाचा स्नायू जाड होतो, आणि बहुतेकदा उजव्या-डाव्या कप्प्यांमधली भिंत सर्वांत जास्त. एरवी ही भिंत सुमारे एक सेंटिमीटर जाड असते. ती १५ मिलिमीटर किंवा त्याहून जाड भरली आणि उच्च रक्तदाबासारखं दुसरं कारण त्या जाडीचा उलगडा करत नसेल, तर एचसीएमचं निदान होतं. अर्थात नुसत्या जाडीमुळे वाट बंद होत नाही. बंद करणारा खरा भाग शेजारी असतो. तो म्हणजे मिट्रल झडपेचं पुढचं पान.

मिट्रल झडप ही वरच्या कप्प्यातून खालच्या कप्प्यात रक्त सोडणारी झडप. हृदय आकुंचन पावू लागलं की तिने मिटायचं आणि रक्ताने महाधमनीकडे निघून जायचं, असा नियम. महाधमनीची वाट एका बाजूने त्या जाड भिंतीला आणि दुसऱ्या बाजूने या झडपेच्या पुढच्या पानाला लागून जाते. एचसीएममध्ये भिंत वाटेत फुगलेली असते. झडपेची पानं अनेकदा नेहमीपेक्षा लांब असतात आणि त्यांना खालून धरून ठेवणारे स्नायूही जरा पुढे सरकलेले असतात. त्यामुळे फुगवट्याला वळसा घालून निघालेला रक्ताचा झोत पानाच्या मागच्या बाजूला येऊन धडकतो. किलकिलं उघडं असलेलं दार वाऱ्याच्या झोताने ढकललं जावं, तसं ते पान पुढे ढकललं जातं आणि समोरच्या भिंतीला टेकतं. वाट तिथेच चिंबते. वेगवान प्रवाहामुळे कमी झालेला दाब पानाला ओढून घेतो, असं पूर्वी मानत. आता अभ्यासकांचा कल मागून ढकलणाऱ्या जोराला मुख्य मानण्याकडे आहे. पान पुढे गेलं की झडप नीट मिटत नाही, म्हणून काही रक्त उलटं वरच्या कप्प्यात आणि पुढे फुप्फुसांच्या दिशेने दाब वाढवत जातं. एकाच पानाच्या हालचालीने वाटही अडते आणि झडपही गळते.

टू-डी इको करताना हे डोळ्यांनी दिसतं. डॉप्लरने त्या वाटेतल्या रक्ताचा वेग मोजतात. निरोगी माणसात तो सेकंदाला सुमारे एक मीटर असतो. एचसीएमच्या रुग्णात तो चार मीटर असू शकतो. वेगाचा वर्ग करून चारने गुणलं की दाबातली तफावत, म्हणजे ग्रेडियंट मिळतो: चार मीटरला ६४ मिलिमीटर पारा. पडद्यावर उमटणाऱ्या आलेखाचा आकारही बोलका असतो. झडपच अरुंद असेल तर वेग ठोक्याच्या सुरुवातीपासून चढतो आणि आलेख दोन्ही बाजूंनी गोलसर दिसतो. इथे तो आधी हळू चढतो आणि ठोक्याच्या मधोमध, पान भिंतीला टेकायला लागल्यावर, एकदम टोक काढतो. इको करणारे त्याला खंजीर म्हणतात. ग्रेडियंट ३० च्या वर गेला तर अडथळा आहे असं धरतात. औषधं घेऊनही त्रास कमी होत नसेल आणि ग्रेडियंट ५० च्या वर राहत असेल, तर शस्त्रक्रियेसारख्या उपायांचा विचार सुरू होतो.

मात्र हे आकडे दगडावरची रेघ नव्हेत. एकाच माणसात सकाळी २० आणि जेवणानंतर ७० असा ग्रेडियंट मिळू शकतो. मोठ्या अभ्यासांत असं दिसलं की एचसीएमच्या सुमारे एक तृतीयांश रुग्णांत अडथळा स्वस्थ पडून असतानाही असतो, आणखी एक तृतीयांशांत तो फक्त श्रम केल्यावर उमटतो आणि उरलेल्यांत तो नसतोच. म्हणून टेबलावर निजवून केलेला इको ‘अडथळा नाही’ म्हणत असेल तर तेवढ्यावर थांबू नये. रुग्णाला श्वास रोखून जोर लावायला सांगून, उभं करून, आणि तरीही नाही दिसलं तर व्यायाम करायला लावून पुन्हा मोजायला हवं.

कानाला स्टेथोस्कोप लावणाऱ्या जुन्या डॉक्टरांना हे यंत्राविना ओळखता येई आणि आजही येतं. रुग्णाला उकिडवं बसवायचं. पायांतलं रक्त दाबलं जाऊन हृदयाकडे जास्त येतं, शिवाय धमन्यांतला दाब वाढतो. डावा कप्पा नीट भरतो, भिंत आणि पान यांच्यात अंतर पडतं आणि हृदयातली घरघर मंद होते. मग रुग्णाला एकदम उभं राहायला सांगायचं. रक्त पायांत उतरतं, कप्पा लहान होतो, पान आणि भिंत जवळ येतात आणि तीच घरघर काही ठोक्यांतच मोठी होते. महाधमनीची झडप अरुंद झालेल्या रुग्णात हे उलटं घडतं. उभं राहिल्यावर तिथली घरघर मंदावते, कारण मुळात रक्तच कमी जात असतं. उभं राहणं आणि बसणं एवढ्यानेच दोन आजार वेगळे करता येतात.

१९६१ मध्ये ब्राउनवाल्ड, मॉरो आणि त्यांचे सहकारी एडविन ब्रोकेनब्रो यांनी याहून सूक्ष्म खूण नोंदवली. हृदयाचा एखादा ठोका वेळेआधी पडला की पुढे जरा विसावा मिळतो आणि नंतरचा ठोका जोरदार येतो. निरोगी माणसाच्या मनगटावर ती नाडी जास्त ठसठशीत लागते. अडथळा असलेल्या एचसीएममध्ये मात्र तो जोरदार ठोका स्वतःचीच वाट जास्त दाबतो आणि मनगटावरची नाडी उलट बारीक लागते. हृदय जितकं जोर करेल तितकं बाहेर कमी पोचतं.

औषधांची सगळी गुंतागुंत या एका वाक्यात आहे.

समजा, सांगलीकडचे ४८ वर्षांचे एक शिक्षक आहेत. जिना चढताना त्यांना धाप लागते, जेवून चालायला लागलं की छातीत दाब येतो. जवळच्या दवाखान्यात बीपी १५०/९० भरतं. ईसीजी काढला तर त्यात स्पष्ट दोष दिसतात, कारण जाड स्नायूचा ईसीजी अनेकदा रक्तपुरवठा कमी पडलेल्या हृदयासारखाच दिसतो. छातीत दुखणं, पन्नाशीच्या आसपासचं वय आणि बिघडलेला ईसीजी एकत्र आले की हार्ट ॲटॅकची शंका घेणं चुकीचं नाही. डॉक्टर सॉर्बिट्रेटची गोळी जिभेखाली ठेवायला देतात, बीपीसाठी ॲम्लोडिपिन सुरू करतात आणि धापेसाठी लघवी जास्त होणारी गोळी लिहून देतात. यातली प्रत्येक गोळी तिच्या नेहमीच्या जागी योग्यच आहे. पण शिक्षकांची भिंत २० मिलिमीटर जाड आहे आणि हे अजून कोणाला ठाऊक नाही.

सॉर्बिट्रेट शिरा सैल करतं. रक्त पोटात आणि पायांत साठतं आणि हृदयाकडे कमी परततं. कोरोनरी धमनीत अडथळा असलेल्या माणसाला यामुळे आराम पडतो, कारण हृदयावरचा भार उतरतो. शिक्षकांच्या बाबतीत मात्र डावा कप्पा अर्धवट भरतो. आधीच अरुंद असलेली वाट आणखी अरुंद होते, पान भिंतीला लवकर टेकतं आणि जास्त वेळ टेकून राहतं. समजा गोळीआधी कप्प्यात १८० आणि महाधमनीत १३० दाब होता, म्हणजे ग्रेडियंट ५०. गोळीनंतर महाधमनीतला दाब ९० वर येतो, आणि तो सावरण्यासाठी शरीराने सोडलेल्या ॲड्रेनलिनमुळे हृदय जास्त वेगाने आणि जास्त जोराने आवळतं. कप्प्यातला दाब १८० च्या घरातच राहतो, ग्रेडियंट ९० होतो. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या धमन्या महाधमनीच्या मुळाशी निघतात. तिथला दाब घसरला की जाड आणि ताणाखाली असलेल्या स्नायूला आणखी कमी रक्त मिळतं. छातीतलं दुखणं थांबण्याऐवजी वाढतं, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस खुर्चीतून खाली घसरतो. अशा वेळी ‘गोळीचा परिणाम होत नाही’ म्हणून दुसरी गोळी दिली जाण्याचा धोका असतो. खरं तर रुग्णाला आडवं करून पाय वर उचलायला हवेत.

ॲम्लोडिपिन आणि निफेडिपिन धमन्या सैल करतात. महाधमनीतला दाब हा एका अर्थाने कप्प्याला आधार असतो, कारण त्या दाबाविरुद्ध रक्त बाहेर टाकावं लागल्यामुळे कप्पा एकदम रिकामा होत नाही. तो आधार गेला की रक्त सुरुवातीलाच भसकन बाहेर पडतं, कप्पा झटकन आक्रसतो आणि पान झोतात सापडतं. टेल्मिसार्टन, रामिप्रिल यांसारख्या बीपीच्या गोळ्या आणि प्रोस्टेटसाठी दिली जाणारी धमन्या सैल करणारी काही औषधं यांच्या बाबतीतही हाच प्रश्न येतो. लघवीच्या गोळीने अंगातलं पाणीच कमी होतं. ती पूर्ण वर्ज्य नाही. फुप्फुसांत खरोखर पाणी साचलं असेल तर थोड्या मात्रेत, लक्ष ठेवून देतात. पण कोरड्या पडलेल्या रुग्णाला ती दिली तर अडथळा वाढतो. विदर्भातल्या मे महिन्याच्या उन्हात किंवा निर्जळी उपवासाच्या दिवशी याच कारणाने रुग्णांना चक्कर येऊ शकते, आणि त्यात गोळीची भर पडली तर त्रास सोसवत नाही.

दुसरा गट आहे हृदयाला चाबूक मारणाऱ्या औषधांचा. हृदय दुबळं झालं की डिगॉक्सिन देण्याची जुनी पद्धत आहे. ते स्नायूचा जोर वाढवतं. १९६० च्या दशकात ब्राउनवाल्ड यांच्या गटाने नळी आत ठेवूनच दाखवून दिलं की डिगॉक्सिनच्या जातीचं औषध दिल्यावर या रुग्णांतला ग्रेडियंट वाढतो, तर त्या काळी नव्याने आलेल्या बीटा ब्लॉकर औषधांनी श्रम करतानाचा ग्रेडियंट कमी होतो. शस्त्रक्रियागृहात हाच धडा जास्त तातडीने लागू पडतो. भूल दिल्यावर बीपी घसरलं तर ॲड्रेनलिन किंवा डोब्युटामिन देणं ही सवयीची गोष्ट. एचसीएमच्या रुग्णाला ते दिलं तर बीपी आणखी खाली जातं, मग मात्रा वाढवली जाते आणि ते आणखी खाली जातं. अशा रुग्णाला सलाइन देऊन कप्पा भरायचा आणि फक्त धमन्या आवळणारं फिनाइलेफ्रिनसारखं औषध द्यायचं, जेणेकरून हृदयाचा जोर न वाढवता महाधमनीतला दाब वर येईल. म्हणूनच दाताच्या असो वा गुडघ्याच्या, कुठल्याही शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांना या आजाराचं नाव सांगणं अत्यावश्यक आहे.

शिक्षकांची गोष्ट पुढे अशी जाईल. बीपीच्या गोळीनंतर चक्कर वाढली म्हणून ते मोठ्या ठिकाणी जातात. अँजिओग्राफीत धमन्या मोकळ्या निघतात. हा खरा इशारा आहे. छातीत दुखतं, ईसीजी बिघडलेला आहे आणि धमन्या मोकळ्या आहेत, तर इको नीट पाहायला हवा. इकोत भिंत २० मिलिमीटर, स्वस्थ असताना ग्रेडियंट ३५ आणि श्वास रोखून जोर लावल्यावर ९० मिळतो. ॲम्लोडिपिन आणि लघवीची गोळी बंद करून मेटोप्रोलॉल सुरू होतं. बीटा ब्लॉकर नाडीचा वेग कमी करतो, त्यामुळे कप्प्याला भरायला वेळ मिळतो. तो जोरही कमी करतो, त्यामुळे झोत मवाळ होतो. शिक्षकांचं बीपी यानेच आटोक्यात येऊ शकतं. ते न सोसल्यास व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम देतात. ही औषधं ॲम्लोडिपिनच्याच नातलगांतली असली तरी हृदयाचा जोर आणि वेग कमी करतात. तरीही ती धमन्याही थोड्या सैल करतातच, म्हणून अडथळा तीव्र आणि बीपी आधीच कमी असेल तर व्हेरापामिलनेही रुग्ण कोसळू शकतो. डायसोपिरामाइड हे मुळात हृदयाच्या लयीसाठीचं जुनं औषध स्नायूचा जोर कमी करतं, म्हणून बीटा ब्लॉकरच्या जोडीने वापरतात. एवढं करूनही धाप कायम राहिली तर मॉरो यांनी रूढ केलेली शस्त्रक्रिया असते. तीत महाधमनीच्या बाजूने आत शिरून भिंतीचा फुगवटा तासून काढतात. दुसरा मार्ग म्हणजे भिंतीला रक्त पुरवणाऱ्या छोट्या धमनीत अल्कोहोल सोडून तेवढा भाग निकामी करणं. तो उल्रिच सिगवार्ट यांनी १९९० च्या दशकात लंडनमध्ये सुरू केला.

हा लेख वाचून कोणी स्वतःहून गोळी बंद करू नये, विशेषतः बीटा ब्लॉकर. तो एकदम थांबवला की हृदय उसळी मारतं.

मग मुळात या हृदयांचा जोर जास्त का असतो? इथे गोष्ट घराण्याकडे वळते. लंडनचे विकृतिशास्त्रज्ञ डोनाल्ड टिअर यांनी १९५८ मध्ये आठ तरुण रुग्णांच्या हृदयांचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्यातले बहुतेक अचानक दगावले होते आणि त्यांच्या हृदयांच्या भिंती विषम जाड होत्या. टिअर यांना सुरुवातीला ती गाठीसारखी वाढ वाटली होती. पण कुटुंबांत शोध घेतल्यावर आजार पिढ्यांमधून उतरतो हे दिसू लागलं. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात कोएटिकूक नावाच्या गावातलं एक मोठं फ्रेंच भाषक कुटुंब १९६१ मध्ये डॉक्टरांनी नोंदवलं होतं. त्याच कुटुंबाच्या वंशवेलीवरून १९८९ मध्ये बोस्टनमधल्या क्रिस्टीन आणि जोनाथन साइडमन यांच्या गटाने आजाराचं मूळ १४ व्या गुणसूत्रावर शोधलं, आणि पुढच्याच वर्षी नेमका दोष सापडला. मायोसिन नावाच्या प्रथिनाच्या साखळीत ४०३ व्या जागी आर्जिनिनऐवजी ग्लुटामिन आलं होतं. एवढी एक कडी बदललेली.

मायोसिन म्हणजे स्नायूतली ओढणारी यंत्रणा. त्याला डोकी असतात. ती समोरच्या तंतूला धरतात, ओढतात, सोडतात. निरोगी हृदयात कुठल्याही क्षणी बरीच डोकी दुमडून विश्रांती घेत असतात आणि इंधन फारच कमी जाळतात. एचसीएमच्या अनेक जनुकीय दोषांमध्ये ही विश्रांती मोडते. गरज नसतानाही जास्त डोकी कामाला लागतात, हृदय गरजेहून जास्त आवळतं, सैल पडायला वेळ घेतं आणि इंधन वाया घालवतं. स्नायू जाड होणं हा त्याच्या पुढचा टप्पा. आता अशा दहा-बारा जनुकांमधले शेकडो दोष माहीत आहेत. सर्वांत जास्त दोष दोन जनुकांत मिळतात: MYH7 हे मायोसिनचं, आणि MYBPC3 हे मायोसिनला लगाम घालणाऱ्या प्रथिनाचं.

आई किंवा वडिलांपैकी एकात असा दोष असेल तर प्रत्येक अपत्याला तो मिळण्याची शक्यता निम्मी. मुलगा-मुलगी असा भेद नाही आणि पिढी वगळूनही तो जात नाही. वगळल्यासारखा भासतो, याचं कारण वेगळं. दोष असलेल्या प्रत्येकाचं हृदय जाड होतंच असं नाही. एकाच घरात वडिलांना पन्नाशीपर्यंत काही होत नाही, मुलीची भिंत पंधराव्या वर्षीच जाड होते आणि काकांना कधी कळतच नाही. ‘आमच्या घरात कोणाला हार्टचा त्रास नव्हता’ हे वाक्य म्हणूनच फारसा दिलासा देत नाही. झोपेत गेलेले आजोबा किंवा पोहताना बुडालेला तरणाताठा मामा यांच्याकडे पुन्हा पाहावं लागतं.

भारतीयांसाठी इथे एक खास मुद्दा आहे. २००९ मध्ये पेरुंदुराई धंडपाणी, हैदराबादच्या पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्रातले कुमारसामी थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की MYBPC3 जनुकातली २५ अक्षरं गळलेली एक आवृत्ती भारतीय उपखंडात सुमारे ४ टक्के लोकांत आढळते. शंभरात चौघे म्हणजे कोट्यवधी माणसं. हृदय दुर्बल होण्याशी तिचा संबंध त्या संशोधनात दिसला. मात्र पुढच्या काटेकोर तपासणीत चित्र बदललं. ही गळती असलेल्या बहुतेकांचं हृदय चांगलं असतं. खरा धोका बराचसा त्या थोड्या लोकांना आहे, ज्यांच्या त्याच जनुकात गळतीच्या जोडीने आणखी एक हानिकारक बदल असतो. म्हणून जनुकीय अहवालात फक्त ही २५ अक्षरांची गळती दिसली तर मुलाबाळांना आजार झालाच असं समजून घाबरू नये. अहवाल जनुकतज्ज्ञांकडून वाचून घ्यावा.

जनुकीय चाचणी कोणापासून सुरू करायची हेही महत्त्वाचं आहे. ती आधी आजारी माणसाची करतात. त्याच्यात नक्की दोष सापडला तरच तो दोष नातेवाइकांत शोधता येतो. आजारी माणसांपैकीही साधारण निम्म्यांत, कधी त्याहून कमी जणांत, ठोस दोष मिळतो. तो मिळाला आणि बहिणीत तो नाही असं दिसलं, तर बहीण आणि तिची मुलं पुढच्या तपासण्यांतून मोकळी होतात. मिळाला नाही, तर आईवडील, भावंडं आणि मुलं यांना ईसीजी आणि इकोवरच अवलंबून राहावं लागतं. मुलांचे हे दोन्ही दर एक ते तीन वर्षांनी आणि मोठ्यांचे दर तीन ते पाच वर्षांनी होतात. नातेवाइकांत १३ मिलिमीटर जाडीही आजाराकडे बोट दाखवते.

जनुकापासून सुरू झालेल्या शोधातून औषधही निघालं. मायोसिनची जास्त डोकी कामाला लागत असतील, तर काहींना परत विश्रांतीला पाठवायचं, ही कल्पना. क्वेबेकच्या कुटुंबातला तोच ४०३ चा दोष असलेल्या उंदरांवर असं रसायन आधी तपासलं गेलं आणि त्यांच्या हृदयांची वाढ रोखली गेली. माणसांवरच्या चाचणीत २५१ रुग्णांना ३० आठवडे मावाकॅम्टेन किंवा नुसती साखरेची गोळी देण्यात आली. श्रमानंतरचा ग्रेडियंट औषध घेणाऱ्यांत सरासरी ४७ ने उतरला, साखरेची गोळी घेणाऱ्यांत १० ने. अमेरिकेत २०२२ मध्ये या औषधाला परवानगी मिळाली. पण जोर कमी करणारं औषध जोर गरजेपेक्षा जास्तही कमी करू शकतं, त्यामुळे ते घेणाऱ्यांचा ठरावीक काळाने इको करून हृदय एका ठोक्यात किती रक्त बाहेर टाकतं ते पाहावं लागतं. ते प्रमाण ५० टक्क्यांच्या खाली गेलं की औषध थांबवतात. शरीरात हे औषध जे एन्झाइम मोडतं ते काही माणसांत जन्मतः मंद असतं, आणि दक्षिण आशियाई लोकांत अशांचं प्रमाण युरोपीयांपेक्षा जास्त आहे. ॲसिडिटीसाठी सर्रास घेतलं जाणारं ओमेप्राझोलही तेच एन्झाइम मंदावतं. त्यामुळे मात्रा ठरवताना बाकीच्या गोळ्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवावी लागते.

वर सांगितलेली वर्ज्य औषधांची यादीही प्रत्येक रुग्णाला सारखीच लागू नाही. ज्यांच्यात अडथळा कधीच उमटत नाही, त्यांना बीपीसाठी टेल्मिसार्टन देता येतं. शस्त्रक्रियेने फुगवटा काढल्यावर परिस्थिती पुन्हा बदलते. आणि काही थोड्या रुग्णांत वर्षानुवर्षं जास्त आवळून थकलेला स्नायू तंतुमय होत जातो, कप्पा रुंदावतो आणि जोर ५० टक्क्यांच्या खाली उतरतो. तेव्हा अडथळा आपोआप जातो, पण हृदय खरोखरच दुर्बल झालेलं असतं. त्या टप्प्यावर व्हेरापामिल आणि डायसोपिरामाइड बंद करतात आणि जी औषधं पूर्वी टाळायची होती, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लघवीची गोळी, तीच उपचाराचा भाग होतात.